देव्हाऱ्याखालच्या खणातली गोळी : कॅन्सरचं दुखणं, तीन पायऱ्या आणि मॉर्फिनची भीती

निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेला लागून असलेलं एक घर. मॉर्फिनच्या गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात होतं. रबर लावलेलं, एकही गोळी न काढलेलं. नाशिकहून आणून दहा दिवस झाले होते. आतल्या खोलीत ५६ वर्षांच्या काकू डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. स्तनाचा कॅन्सर कंबरेच्या हाडांत पसरलेला.

काका म्हणाले, "ताई, ते अफूचं औषध आहे म्हणे. एकदा चालू केलं की सुटत नाही. आणि आत्ताच दिलं तर पुढं काय द्यायचं? म्हटलं, अगदीच सहन होईनासं झालं की देऊ."

मी काकूंकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

मी नाशिकमध्ये वेदनाशमनाचं काम करणारी डॉक्टर आहे. हे काका-काकू म्हणजे एकच घर नाही. गेल्या काही वर्षांत ज्या अनेक घरांमध्ये हाच संवाद ऐकला, त्यांना एकत्र करून ही गोष्ट सांगते आहे. या घरांत कुणीही निष्काळजी नसतं. उलट सगळे जिवाच्या आकांताने काळजी घेत असतात, फक्त ती काळजी चुकीच्या गोष्टीची असते. मॉर्फिनच्या बाबतीत घाबरण्यासारख्या काही गोष्टी जरूर आहेत, पण लोक ज्यांना घाबरतात त्या बहुतेक वेळा त्या नसतात.

## शिडी म्हणजे काय

कॅन्सरच्या दुखण्यावर औषध कसं द्यायचं, याची एक सोपी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडली. तिला वेदनाशामकांची शिडी म्हणतात. तिला तीन पायऱ्या आहेत.

पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. दुसऱ्यावर सौम्य ओपिऑइड, म्हणजे ट्रॅमाडॉल किंवा कोडीन. तिसऱ्यावर तीव्र ओपिऑइड, ज्यात मॉर्फिन मुख्य. ओपिऑइड म्हणजे अफूपासून काढलेली, किंवा अफूसारखं काम करणारी औषधं. एवढा एक शब्द लक्षात ठेवला की पुढचं सगळं कळेल.

पायऱ्यांमधला फरक समजायला निफाडकडचा कालवा डोळ्यांसमोर आणा. दुखण्याचा निरोप हे पाणी समजा. गाठ जिथे आहे तिथून ते निघतं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून वर जातं आणि मेंदूपर्यंत पोचलं की आपण "आई गं" म्हणतो. डायक्लोफेनॅकसारखं औषध पाणी निघतं तिथेच, उगमाशी काम करतं. ओपिऑइड मुख्यतः मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतात. ते वाटेवरचं दार खाली ओढतात. सौम्य ओपिऑइड दार थोडंच ओढू शकतं. मॉर्फिनने ते हवं तितकं, अगदी बोटभर फटीपर्यंतसुद्धा खाली आणता येतं. उगमावर आणि दारावर एकाच वेळी काम केलं तर फायदा जास्त होतो, म्हणून वरच्या पायरीवर गेल्यावर खालचं पॅरासिटामॉल सहसा बंद करत नाहीत.

शिडी म्हटलं की एकेक पायरी चढलीच पाहिजे असं वाटतं. तसं नाही. दुखणं पहिल्याच दिवशी प्रचंड असेल तर थेट तिसऱ्या पायरीवर, कमी डोसने सुरुवात करता येते. २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात तर शिडी ही शिकवण्यापुरती सोय म्हणूनच ठेवली आहे. दुखणं किती आहे यावरून औषध ठरवावं, असा त्याचा रोख आहे.

दुसऱ्या पायरीबद्दलची एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते, कारण ती ऐकली की चेहरे बदलतात. कोडीन पोटात गेलं की शरीर त्याच्या काही भागाचं मॉर्फिन बनवतं, आणि त्याचा वेदनाशामक गुण प्रामुख्याने त्या मॉर्फिनमुळेच येतो. काही माणसांच्या शरीरात हे रूपांतर नीट होत नाही, त्यांना कोडीनने जवळजवळ काहीच आराम पडत नाही. कोडीनवालं खोकल्याचं औषध अनेक घरांत कधी ना कधी चमच्याने घेतलं गेलेलं असतं. म्हणजे मॉर्फिनशी ओळख आधीच झालेली असते, फक्त नाव माहीत नसतं.

## घड्याळ बघून द्यायचं

माझ्या मते शिडीत पायऱ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे ते घड्याळ. लंडनमध्ये, पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी मरणासन्न माणसांच्या एका शुश्रूषागृहात पाहिलं, की तिथल्या परिचारिका दुखणं उसळायची वाट न बघता ठरलेल्या वेळी तोंडाने मॉर्फिन देतात आणि माणसं शांत, जागी, बोलती राहतात. पुढे १९६७ मध्ये त्यांनी अशाच माणसांसाठी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं आणि ही पद्धत जगभर गेली.

आपल्याकडे याच्या उलट चालतं. दुखलं की गोळी. फारच दुखलं की रात्री गावातल्या डॉक्टरांची सुई. सुई उतरली की पहाटे पुन्हा कण्हणं. बागायतदाराला हे समजावायला मला फार वेळ लागत नाही. वेल सुकून मान टाकेपर्यंत थांबायचं आणि मग पाट भरून पाणी सोडायचं, असं आता कुणी करत नाही. ठिबक लावतात. रोज ठरलेल्या वेळी, मोजून, मुळाशी. एकूण पाणी कमी लागतं आणि वेल कधी सुकतच नाही.

मॉर्फिनची साधी गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात काम सुरू करते आणि चार तास टिकते. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची, दुखत असो वा नसो. आधीच्या डोसचा असर ओसरण्याआधी पुढचा पोटात असला पाहिजे. दुखणं उसळल्यावर ते आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं. शिवाय रुग्णाचं सगळं लक्ष पुढच्या कळेकडे लागून राहतं. नातेवाइकांना वाटतं, ही गोळीची वाट बघतेय म्हणजे सवय लागली. खरं तर गोळी उशिरा मिळते म्हणून ती वाट बघत असते.

## काकूंचा पहिला आठवडा

आता आकडे. हे आकडे पद्धत कळावी म्हणून देते आहे. वय, वजन, किडनी आणि आधीची औषधं बघून प्रत्येकाचा डोस त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

काकूंना पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा आणि ट्रॅमाडॉल १०० मिलिग्रॅम चार वेळा चालू होतं. ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे आराम फारसा वाढत नाही, फिट येण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणजे दुसरी पायरी संपली होती. 'शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल इतकं भयंकर', असं सांगून विचारलं तेव्हा काकूंनी दुखण्याला आठ गुण दिले. मध्येच मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक त्या उपाशीपोटी घेत होत्या आणि पोटात आग पडत होती. ते बंद केलं. किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट चांगला होता. हा रिपोर्ट का बघायचा, ते पुढे येईल.

ट्रॅमाडॉल थांबवून मॉर्फिन सुरू केलं, १० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता. रात्री १० वाजता मात्र दोन गोळ्या एकदम, म्हणजे पहाटे दोनला उठवायला नको. दिवसाचे झाले ६० मिलिग्रॅम. शिवाय मधल्या वेळेत दुखणं उसळलं तर एक जादा गोळी. जादा डोस दिवसाच्या एकूण डोसाच्या साधारण एक षष्ठांश ठेवतात, म्हणून इथे १० मिलिग्रॅम. जादा गोळी घेतली म्हणून पुढची नेहमीची गोळी चुकवायची नाही, ती वेळेवर द्यायचीच. आणि प्रत्येक जादा गोळीची वेळ वहीत लिहायची.

वही पुतणीने लिहिली. दूध घातल्याचा हिशोब असलेल्या वहीची मागची पानं. पहिले दोन दिवस काकूंना रोज तीन जादा गोळ्या लागल्या. म्हणजे ६० पुरत नव्हते, शरीर ९० मागत होतं. डोस कसा वाढवतात याचं उत्तर यातच आहे, अंदाजाने नाही तर या वहीवरून. तिसऱ्या दिवशी प्रत्येक वेळी दीड गोळी म्हणजे १५ मिलिग्रॅम केले आणि रात्री ३०. एकूण ९०. जादा डोसही १५ झाला, कारण एक षष्ठांश आता तेवढा होतो. हा बारीक तपशील अनेकदा राहून जातो. मूळ डोस वाढतो, जादा डोस जुनाच राहतो, आणि मग "जादा गोळीने काही फरक पडत नाही" अशी तक्रार येते.

पाचव्या दिवशी पडून असताना दुखणं दोनवर आलं होतं. अंघोळीला उठताना अजून पाच-सहा. हाडाचं दुखणं हालचालीला असं चढतंच. त्यावर उपाय म्हणजे अंघोळीच्या अर्धा तास आधी जादा गोळी. नेहमीचा डोस वाढवून ते दुखणं शून्यावर आणायला गेलो असतो, तर उरलेला दिवस काकू गुंगीत राहिल्या असत्या.

याच आठवड्यात काकांचा एकदा घाबरून फोन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी. "ताई, ही झोपूनच आहे. जास्त झालं का?" मी विचारलं, हाक मारल्यावर उठतात का? "उठली. चहा मागितला. परत झोपली." बोलणं नीट होतं का? "हो." मिनिटात श्वास किती? त्यांनी घड्याळ लावून मोजले, चौदा. महिनाभर सलग दोन तास झोप न मिळालेलं माणूस दुखणं थांबल्यावर झोपणारच. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मॉर्फिनची स्वतःची गुंगीही असते, ती बहुतेकांची ओसरते. मळमळ होत असेल तर तीही सहसा आठवड्यात जाते आणि तेवढ्यापुरती उलटीची गोळी देता येते. काकूंना ती चार दिवस लागली.

## "पण सवय लागणार ना?"

इथे दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो.

एक म्हणजे शरीर औषधाला सरावणं. काही आठवडे मॉर्फिन घेऊन ते एका दिवसात बंद केलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थपणा असा त्रास होतो. हे जवळजवळ सगळ्यांना होतं, आणि उपाय साधा आहे : पायरीपायरीने डोस उतरवायचा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने घेतलेली स्टिरॉइडची गोळीही अशीच हळूहळू बंद करतात. तिथे कुणी पेशंटला व्यसनी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे व्यसन. त्यात माणूस नशेसाठी औषध शोधतो, नुकसान दिसत असूनही थांबत नाही, त्यापायी घर, काम, नाती मागे टाकतो. काकूंच्या बाबतीत काय झालं? त्या पडवीत येऊन बसायला लागल्या, नातवाला जेवण भरवायला लागल्या. व्यसन माणसाला घरापासून तोडतं, इथे त्या घरात परत आल्या.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांना आधीपासून दारूचं किंवा कुठल्या नशेचं व्यसन आहे, त्यांना मॉर्फिन देताना थोड्या-थोड्या दिवसांचंच देतात आणि गोळ्या घरातली दुसरी व्यक्ती सांभाळते. कॅन्सर बरा होऊन माणूस वर्षानुवर्षं जगणार असेल तर मॉर्फिन किती काळ चालवायचं याचाही वेगळा विचार करावा लागतो. अमेरिकेत ओपिऑइडने हाहाकार झाल्याच्या बातम्या वाचून लोक मला विचारतात. तिथली सुरुवात मुख्यतः कंबरदुखीसारख्या जुनाट त्रासांसाठी, कंपन्यांच्या भडिमाराखाली, सैल हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांपासून झाली. तो इशारा खरा आहे. पण त्याचा अर्थ हाडात कॅन्सर गेलेल्या बाईला पॅरासिटामॉलवर ठेवा, असा होत नाही.

## "श्वास बंद पडला तर?"

मॉर्फिन जास्त झालं तर श्वास मंदावतो, हे खरं आहे. म्हणूनच ते लहान डोसने सुरू करून वहीवरून वाढवतात. अशा रीतीने वाढवलेल्या डोसने श्वास अचानक थांबत नाही. दुखणं स्वतःच श्वासाला चेतवत असतं, आणि दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फिन त्याच्याशी बरोबरी करतं.

त्याहून उपयोगी गोष्ट ही की यात एक क्रम असतो. आधी गुंगी वाढते, श्वास त्यानंतर मंदावतो. माणूस जागा असेल, नीट बोलत असेल तर त्याचा श्वास मॉर्फिनने धोक्यात आलेला नाही. म्हणून मी घरच्यांना तीन गोष्टी बघायला शिकवते. हाक मारून, खांदा हलवून जाग येते का. मिनिटाला श्वास किती आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत का. बाहुल्या मॉर्फिनवर तशाही लहान होतात, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण हलवूनही जाग येत नसेल आणि श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाले असतील, तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथे नॅलोक्झोन नावाचं उतारा-औषध सुईने देता येतं.

## "आत्ताच दिलं तर पुढं काय?"

हा काकांचा प्रश्न. मला तो सगळ्यांत जास्त लागतो, कारण त्यात प्रेम आहे आणि त्याच प्रेमापायी माणूस महिनाभर तळमळत राहतो.

त्यामागची कल्पना अशी की मॉर्फिन म्हणजे शेवटचं एकच काडतूस, आज उडवलं तर उद्या हात रिकामे. पण मॉर्फिनला ट्रॅमाडॉलसारखी ठरावीक कमाल मर्यादा नाही. आज ६० पुरले आणि सहा महिन्यांनी आजार वाढून ३०० लागले, तर त्रासावर नजर ठेवत तिथपर्यंत जाता येतं. डोस वाढवावा लागला तर आम्ही आधी आजार वाढला आहे का ते तपासतो. बहुतेक वेळा कारण तेच निघतं.

मॉर्फिन आलं की माणूस जातो, असा समज आहे. तो समज आपणच तयार केला आहे. शेवटच्या चार दिवसांपर्यंत औषध खणात ठेवायचं, मग द्यायचं, आणि माणूस आजाराने गेला की दोष गोळीला द्यायचा. मॉर्फिन किती दिवस उरलेत ते बघून देत नाहीत. दुखणं किती आहे ते बघून देतात. केमो चालू असताना, ऑपरेशनची वाट बघत असताना, बरं होण्याची आशा असतानाही ते देतात.

## घाबरायचंच असेल तर इथे घाबरा

पहिली गोष्ट बद्धकोष्ठ. हसण्यावारी नेऊ नका. गुंगी आणि मळमळ शरीर विसरतं, आतड्यांचं मंदावणं मात्र मॉर्फिन असेपर्यंत राहतं. म्हणून पोट साफ करायची गोळी मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून, रोज रात्री. काकूंना बिसाकोडिलच्या दोन गोळ्या दिल्या. आपल्याकडे लगेच ईसबगोल काढतात. इथे ते नको. ते मळाचा आकार वाढवतं, आणि पाणी कमी पिणाऱ्या, आतडी मंद झालेल्या माणसात तोच गोळा अडकून बसतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे आठवडाभर पोट साफ नाही आणि अचानक पातळ शी गळायला लागते. घरचे जुलाब समजून पोटाची गोळी बंद करतात. खरं तर खाली कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं. अशा वेळी एनिमा लागतो. या त्रासाला कंटाळून मॉर्फिन सोडणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट किडनी. मॉर्फिन वापरून झाल्यावर शरीरात जे उरतं ते किडनीवाटे बाहेर जातं. किडनी मंदावली तर ते साचतं, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. एप्रिल-मेच्या उन्हात, उलट्या-जुलाब झाले असताना, जेवणपाणी तुटलं असताना हे घडतं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. खूण अशी की लघवी कमी होते, हातापायांना मध्येच झटके येतात, माणूस भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, दिवसा असंबद्ध बोलतो. "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस कमी करून, दोन डोसांतलं अंतर वाढवून किंवा फेंटानिलसारखं दुसरं औषध देऊन हे सावरता येतं.

तिसरी, मॉर्फिनबरोबर दारू किंवा डॉक्टरांना न सांगता घेतलेली झोपेची गोळी. श्वासाचा खरा धोका इथे आहे. गावात दुखण्यासाठी पेंटाझोसिनची सुई सर्रास देतात. तीही मॉर्फिनवर असलेल्या माणसाला देऊ नये, कारण ती मॉर्फिनचा असर तोडते आणि दुखणं उफाळतं. म्हणून चिठ्ठी कायम जवळ ठेवायची आणि कुठल्याही दवाखान्यात आधी दाखवायची.

आणि गोळ्या कुलपात. एका माणसाला रोज लागणारा डोस घरातल्या लहान मुलाला जीवघेणा ठरू शकतो. डोस स्थिरावल्यावर काहींना बारा तास चालणारी गोळी देतात. ती कधीही मोडायची किंवा कुटून द्यायची नाही, बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं.

## मॉर्फिन कुठे अपुरं पडतं

भाजल्यासारखं, विजेचा झटका बसल्यासारखं, मुंग्या येणारं दुखणं नसेवर दाब आल्याचं असतं. त्यात एकटं मॉर्फिन कमी पडतं. अमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगॅबालिनसारखं औषध जोडावं लागतं. ही औषधं अनुक्रमे मनाच्या आजारासाठी आणि फिटसाठीही वापरतात, म्हणून मेडिकलवाल्याने काही सांगितल्यास बिचकू नका.

मणक्यात कॅन्सर गेलेल्या माणसाची पाठदुखी अचानक वाढली, पाय लुळे वाटायला लागले किंवा लघवी अडली, तर मॉर्फिन वाढवत घरी बसायचं नाही. मज्जारज्जू दाबला जात असेल, आणि काही तासांची दिरंगाई पाय कायमचे घालवू शकते.

## कायद्याचं काय

अफूची लागवड नीमच, मंदसौर, चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्याने होते, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. ज्या देशात हे पिकतं त्याच देशात कॅन्सरचा पेशंट मॉर्फिनवाचून तळमळतो, याचं एक मोठं कारण १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा. त्यातल्या परवान्यांच्या जंजाळाने आणि शिक्षेच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीला ते लिहायचं कसं हे शिकायला मिळालं नाही. म्हणून तुमचे डॉक्टर बिचकत असतील तर त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

२०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि देशभर एकच नियम आला. राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता असलेलं रुग्णालय ही औषधं ठेवू शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेलं मॉर्फिन घरात ठेवणं गुन्हा नाही. ते साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, म्हणून कॅन्सर रुग्णालयात गेल्यावर "इथे पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह केअर आहे का?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजाराच्या त्रासावर केलेला उपचार, तो मूळ उपचारासोबत चालतो.

## पुढं काय झालं

काकूंच्या कंबरेच्या हाडाला जानेवारीत रेडिएशन दिलं, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात. शेकाने हाडाचं दुखणं लगेच थांबत नाही. पहिले काही दिवस ते थोडं वाढूही शकतं, आराम दोन ते चार आठवड्यांत येतो. तो यायला लागला तसं वहीतल्या जादा गोळ्या बंद झाल्या आणि काकूंना दिवसा पेंग यायला लागली. उगमाचं पाणीच आटलं होतं, तेव्हा दार तेवढं खाली ओढून ठेवायची गरज नव्हती. डोस ९० वरून ६० वर आणला, काही दिवस थांबून ३० वर. घाम नाही, जुलाब नाही, अस्वस्थपणा नाही. जी गोळी एकदा चालू केली की सुटत नाही म्हणत होते, तिचा दोन-तृतीयांश भाग महिन्याभरात कमी झाला. आजार अंगात आहे, पुढे डोस पुन्हा वाढवावा लागेल हेही काकांना सांगून ठेवलं आहे.

फेब्रुवारीत द्राक्षं काढायला आली. काकू बागेत मांडवाखाली खुर्ची टाकून दीडएक तास बसल्या आणि घडांतले खराब मणी कात्रीने काढत राहिल्या. बागेत जायच्या अर्धा तास आधी अर्धी गोळी घ्यायची, याची आठवण आता काका करून देतात.